1/x ची लिमिट आणि शून्यापासूनचं अर्धं अंतर

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या वह्या तपासताना एक ओळ मला दरवर्षी भेटते. गणित असं असतं: a शून्य नाही, x जसजसा a च्या जवळ जातो तसतसा 1/x हा 1/a च्या जवळ जातो, हे एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्येवरून सिद्ध करा. विद्यार्थिनी वजाबाकी मांडते, छेद समान करते आणि मिळवते:

|1/x − 1/a| = |x − a| / (|x|·|a|)

इथपर्यंत सगळं बरोबर. उजवीकडची राशी ε पेक्षा लहान हवी, म्हणून ती छेद पलीकडे नेते आणि लिहिते:

δ = ε·|a|·|x|

खाली "म्हणून सिद्ध झाले" आणि एक आडवी रेघ. आकडेमोडीत एकही चूक नाही, तरी मला त्या ओळीला लाल शाईने गोल करावा लागतो. तो गोल का, हे ज्याला नीट कळलं त्याला पुढचं अर्ध्या अंतराचं पाऊल पाठ करावं लागत नाही. ते आपोआप सुचतं.

व्याख्येत गोष्टी एका ठराविक क्रमाने येतात. आधी कोणीतरी ε मागतो, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते सांगतो. त्या ε कडे आणि a कडे बघून आपण δ ठरवतो: x ने a पासून किती अंतराच्या आत राहायचं. हे ठरून गेल्यावर मग x येतो, आणि तो त्या अंतराच्या आतला कुठलाही असू शकतो. त्या प्रत्येक x साठी 1/x आणि 1/a मधला फरक ε पेक्षा कमी भरला पाहिजे. थोडक्यात, δ ठरवताना x अजून जन्मालाच आलेला नसतो. मग δ च्या सूत्रात |x| कुठून येणार? अंगण कुठवर आहे ते ठरवायला आत कोण उभं आहे हे विचारायचं, आणि आत कोण उभं आहे हे ठरवायला अंगण कुठवर आहे हे विचारायचं, असा तो घोळ होतो.

म्हणजे आपल्यापुढचं काम एकच आहे. छेदातला |x| काढून टाकायचा आणि त्याच्या जागी असं काहीतरी आणायचं ज्यात फक्त a आहे. अंशातल्या |x − a| ची काळजी नाही, तो थेट δ च्या ताब्यात आहे. छेदातला |a| ठरलेलाच आहे. अडचण त्या |x| चीच.

छेदात बसलेला x काय करू शकतो हे एका साध्या हिशोबात दिसतं. गावाला जायचं अंतर ६० किलोमीटर आहे असं धरा. गाडी ताशी ६० च्या वेगाने गेली तर एक तास लागतो. वेग पाचने कमी झाला, ५५ झाला, तर साधारण ६५ मिनिटं लागतात. पाच मिनिटांचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. आता तीच गाडी खराब रस्त्यावर ताशी १० ने चालली आहे असं धरा. सहा तास लागतील. इथे वेग पाचनेच कमी झाला तर बारा तास. आणि दहाने कमी झाला तर गाडी उभीच, गाव येणारच नाही. वेगातली चूक तितकीच, पण वेग शून्याच्या जवळ असेल तर वेळेतली चूक कुठल्या कुठे जाते. 1/x चा सगळा स्वभाव यात आला. x शून्याकडे सरकला की 1/x ला धरबंध राहत नाही.

म्हणून x ला काहीही करून शून्यापासून लांब ठेवायचं. a आणि शून्य यांच्यातलं अंतर |a| आहे. x ला आपण सांगतो: a पासून जास्तीत जास्त या अंतराच्या निम्म्यापर्यंतच सरकायचं, त्याच्या पुढे नाही. म्हणजे δ ची किंमत |a|/2 पेक्षा जास्त ठेवायची नाही. मग x शून्याच्या कितीही दिशेने गेला तरी निम्म्या वाटेवर थांबतो, आणि उरलेलं निम्मं अंतर शून्यापर्यंत शिल्लक राहतं. हे संख्यारेषेवर एकदा हाताने काढून बघा: शून्य, मग a/2 वर कुंपण, मग a, मग 3a/2 वर दुसरं कुंपण.

चित्रात जे दिसलं ते आता लिहून काढायचं. त्यासाठी त्रिकोण असमानता पुरते. a पासून शून्यापर्यंत थेट गेलं काय किंवा वाटेत x ला भेटून गेलं काय, वळसा घेतलेली वाट थेट वाटेपेक्षा लहान असू शकत नाही:

|a| ≤ |a − x| + |x|

|x| एका बाजूला ठेवला आणि |x − a| < |a|/2 हे वापरलं की:

|x| ≥ |a| − |x − a| > |a| − |a|/2 = |a|/2

|x| हा |a|/2 पेक्षा मोठा आहे, म्हणून त्याचा व्यस्त 2/|a| पेक्षा लहान आहे. छेदातला |x| गेला, त्याच्या जागी a आला:

|1/x − 1/a| = |x − a| / (|x|·|a|) < 2·|x − a| / a²

आता उजवीकडे |x − a| सोडून सगळं ठरलेलं आहे. ही राशी ε पेक्षा लहान हवी तर |x − a| हा a²·ε/2 पेक्षा लहान असला की झालं. एक अट कुंपणाची, एक अट ε ची, आणि दोन्ही एकाच वेळी पाळायच्या आहेत. म्हणून दोघांपैकी जी लहान असेल ती घ्यायची:

δ = min( |a|/2 , a²·ε/2 )

सिद्धता वहीत उतरवताना क्रम उलटा होतो. ε दिलेला आहे असं म्हणायचं, वरचा δ जाहीर करायचा, 0 < |x − a| < δ असा कुठलाही x घ्यायचा, आणि मग वरच्या पायऱ्या खाली उतरत जायच्या. शोध घेताना आपण उत्तराकडून मागे येतो आणि लिहिताना सुरुवातीकडून पुढे जातो. कच्चं काम वेगळ्या पानावर करा आणि पक्क्या पानावर δ पहिल्याच ओळीत येऊ द्या. वाचणाऱ्याला तो आकाशातून पडल्यासारखा वाटला तरी चालेल, कारण पुढच्या चार ओळींत त्याचा हिशोब लागतोच.

त्रिकोण असमानता वापरण्याचा एक फायदा सहज निसटतो. काही जण कुंपणाची अट उघडून x > a/2 असं लिहितात. a धन असेल तर ते खरं आहे. पण a ची किंमत −३ घेतली तर कुंपण −४.५ ते −१.५ असं बसतं, आणि त्यातला प्रत्येक x हा −१.५ पेक्षा लहान आहे. म्हणजे x > a/2 हे तिथे साफ खोटं ठरतं. |x| > |a|/2 मात्र तिथेही खरंच राहतं, कारण शून्यापासूनचं अंतर दीडपेक्षा जास्तच आहे. केवलमूल्यात काम केलं की धन आणि ऋण असे दोन भाग करावे लागत नाहीत.

दुसरी एक चूक याहून खोलवरची आहे. त्याच कुंपणातून |x| < 3|a|/2 हेही मिळतं, आणि पुष्कळ मुलं ते वापरायला जातात. कारण सरळ आहे. याआधी त्यांनी x² चं गणित केलेलं असतं. तिथे |x² − a²| मधून |x + a| हा गुणक निघतो, आणि तो फार मोठा होऊ नये एवढीच काळजी असते. म्हणून तिथे वरची मर्यादा लागते. इथे |x| छेदात आहे. तो मोठा झाला तर आनंदच आहे, अपूर्णांक आणखी लहान होईल. भीती तो लहान होण्याची आहे. म्हणून इथे खालची मर्यादा लागते. 3|a|/2 वरून व्यस्त घेतला तर 1/|x| हा 2/(3|a|) पेक्षा मोठा आहे एवढंच कळतं, आणि आपल्याला तर तो कशापेक्षा लहान आहे ते हवं होतं. असमानतेचं तोंड भलतीकडे वळलं की समजावं, कुंपणाची चुकीची बाजू धरली.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण करू. a ची किंमत ०.१ घेऊ, म्हणजे 1/a झाला १०. कोणी ε म्हणून १ मागितला. उत्तर ९ आणि ११ च्या मध्ये हवं. कुंपण म्हणतं ०.०५. दुसरी अट म्हणते ०.०१ गुणिले १, भागिले २, म्हणजे ०.००५. लहान कोण? ०.००५. तर x ०.०९५ आणि ०.१०५ च्या मध्ये फिरणार. टोकं तपासा: १ भागिले ०.०९५ म्हणजे साधारण १०.५२६, आणि १ भागिले ०.१०५ म्हणजे साधारण ९.५२४. दोन्ही मर्यादेच्या बरेच आत. डावीकडची चूक ०.५२६ आणि उजवीकडची ०.४७६, दोन्ही सारख्या नाहीत. शून्याच्या बाजूला सरकल्यावर 1/x जास्त वेगाने बदलतो, त्याची ही खूण.

या उदाहरणात कुंपणाची गरज लागली नाही असं वाटेल, कारण लहान आकडा दुसऱ्या अटीतून आला. मग min मधला पहिला भाग टाकून दिला तर? वर्गात हा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतोच, आणि तो चांगला प्रश्न आहे. त्याच a साठी ε म्हणून २० मागू. व्याख्येत "प्रत्येक धन ε" असं म्हटलंय, लहानच असावा असं कुठेही नाही. कुंपणाशिवाय δ येतो ०.०१ गुणिले १०, म्हणजे ०.१. मग x शून्य आणि ०.२ यांच्या मध्ये कुठेही चालेल. ०.०१ हा त्यातलाच एक x. त्याचा व्यस्त १००. फरक ९०, आणि परवानगी होती फक्त २० ची. सिद्धता तिथे मोडली. कुंपण ठेवलं तर δ होतो ०.०५, x ०.०५ च्या खाली जात नाही, 1/x वीसच्या वर जात नाही, आणि फरक १० च्या आत राहतो.

कुंपण नेमकं कधी कामाला येतं हेही मोजता येतं. |a|/2 हा a²·ε/2 पेक्षा लहान असतो तो ε हा 1/|a| पेक्षा मोठा असताना. म्हणजे मागितलेली सूट मूळ उत्तरापेक्षाच मोठी असते तेव्हा. ε त्याहून लहान असेल तर दुसरी अट आपोआप कुंपणाच्या आत बसते. म्हणून काही शिक्षक सुरुवातीलाच "ε < 1/|a| धरू" असं म्हणून min लिहायचं टाळतात. तेही बरोबर आहे, कारण लहान ε साठी चालणारा δ मोठ्या ε साठीही चालतोच. पण तसं केलं तरी कुंपण सुटत नाही. |x| > |a|/2 हे पाऊल तिथेही वापरावंच लागतं, आणि ते का चालतं हे एका ओळीत लिहावंच लागतं.

आता सगळ्यात जास्त दिसणाऱ्या सवयीबद्दल. x² च्या गणितात "δ ≤ 1 घेऊ" असं शिकवलेलं असतं, आणि तीच ओळ इथे चिकटवली जाते. a तीन असेल तर ती निभावते: x दोनच्या खाली जात नाही, |x| > 2. a एक असेल तर x शून्य आणि दोन यांच्या मध्ये फिरतो, शून्याला कितीही जवळ जाऊ शकतो, आणि 1/x वर कुठलीच मर्यादा उरत नाही. a ०.१ असेल तर कुंपण −०.९ ते १.१, म्हणजे शून्य चक्क कुंपणाच्या आत, जिथे 1/x ला अर्थच नाही. x² ला धोक्याची अशी एखादी जागा नव्हती, म्हणून तिथे एक काय, पाच काय, कुठलाही ठरलेला आकडा चालला असता. इथे धोका शून्यावर आहे, आणि तो a पासून किती लांब आहे हे a च सांगतो. म्हणून कुंपणाचं माप a वरूनच घ्यावं लागतं.

पण मग निम्मंच का? एक तृतीयांश का नाही, नऊ दशांश का नाही? दोन्ही चालतात. कुंपण c·|a| वर घातलं, c शून्य आणि एकच्या मधला कुठलाही, तर |x| हा (1 − c)·|a| पेक्षा मोठा राहतो, आणि वरच्याच पायऱ्यांनी

δ = min( c·|a| , (1 − c)·a²·ε )

मिळतो. फक्त c एक करता येत नाही, कारण मग x शून्याच्या तोंडाशी पोचतो आणि दुसरा भाग शून्य होतो. c मोठा केला तर कुंपण ऐसपैस होतं पण ε ची अट आवळते, आणि c लहान केला तर उलट. निम्म्यावर दोन्ही बाजूंना सारखंच मिळतं.

हे "सारखंच" नुसतं दिसायला नाही, आणि हा भाग मला फार आवडतो. a धन घेऊन सगळ्यात मोठा चालणारा δ काढता येतो. शून्याकडची बाजू जास्त धोक्याची, म्हणून तीच बघायची: 1/x हा 1/a + ε पेक्षा लहान हवा, म्हणजे x हा a/(1 + aε) पेक्षा मोठा हवा. a मधून ते वजा केलं की

δ = a²·ε / (1 + a·ε)

हा सगळ्यात उदार δ. याहून किंचितही मोठा घेतला की शून्याच्या बाजूचा एखादा x अट मोडतो. आता आपला min वाला δ याच्याशी ताडून बघा. a·ε एकपेक्षा लहान असेल तर a²·ε ला आपण 2 ने भागतो, आणि उदार δ त्याला 1 + a·ε ने भागतो. तो छेद एक आणि दोनच्या मध्ये आहे, म्हणजे आपला δ त्याच्यापेक्षा लहान, पण त्याच्या निम्म्याहून जास्त. a·ε एकपेक्षा मोठा असेल तेव्हाही हिशोब तसाच लागतो. आणि a·ε बरोबर एक असेल तेव्हा दोघेही a/2 वर येऊन मिळतात. वरच्या ०.१ च्या उदाहरणात उदार δ साधारण ०.००९१ येतो आणि आपला ०.००५. निम्म्यावर घातलेलं कुंपण कधीच निम्म्यापेक्षा जास्त नुकसान करत नाही.

मग हा उदार δ च का नाही वापरायचा? वापरता येतो, पण त्यासाठी असमानता उलटी सोडवावी लागते, a ऋण असेल तर वेगळी, आणि aε एकच्या पुढे गेला की उजव्या बाजूचा वेगळा विचार करावा लागतो. व्याख्येला सर्वोत्तम δ नको आहे, एखादा चालणारा δ हवा आहे. कुंपणाची पद्धत पुढे 1/f(x) साठीही जशीच्या तशी वापरता येते. f ची लिमिट L शून्य नसली की |f(x)| हा |L|/2 च्या वर राहील इतक्या जवळ जायचं, आणि मग हेच सगळं. x साठी असमानता उलटी सोडवणं तिथे सहसा जमत नाही.

शेवटी त्या a² कडे एकदा बघायला हवं. ε ०.१ वर ठेवा. a एक असेल तर δ येतो ०.०५. a ०.१ असेल तर ०.०००५. a ०.०१ असेल तर ०.०००००५. a दहापट लहान झाला की δ शंभरपट लहान. आणि ही आपल्या पद्धतीची कंजुषी नाही, कारण उदार δ सुद्धा a²·ε च्या खालीच असतो. म्हणून शून्य आणि एकच्या मधल्या सगळ्या a साठी पुरेल असा एकच δ सापडत नाही. तुम्ही कुठलाही δ पुढे केलात तरी मी शून्याच्या इतका जवळचा a घेईन की तो तिथे मोठा ठरेल. 1/x प्रत्येक बिंदूपाशी संतत आहे, पण या टप्प्यावर एकसमान संतत नाही, असं म्हणतात ते याच अर्थाने. a ला शून्याकडे मोकळं सोडलं नाही, समजा a निदान ०.१ तरी असेल असं ठरवलं, तर अडचण संपते. ०.१ साठी निघालेला δ तिथल्या सगळ्या a ना चालतो: ε ०.१ साठी ०.०००५.